सदतीस ठिपके, दहा रेघा

दिवाळी जवळ आली की पणत्यांच्या गाड्यांशेजारी रांगोळीची पुस्तकं दिसू लागतात. पातळ कागद, पानावर एक किंवा दोन रांगोळ्या, वर एक ओळ: ‘११ ते ६ ठिपके’ किंवा ‘१५ ठिपके, १५ ओळी’. खाली पूर्ण झालेलं चित्र. जिने लहानपणापासून आईशेजारी उकिडवं बसून ठिपके टाकले आहेत, तिला एवढं पुरेसं असतं. ती चित्राकडे एकदा नजर टाकते, चिमटीत रांगोळी घेते आणि मधली ओळ घालायला लागते.

नवशिक्याला मात्र या पानातून फारसं काही मिळत नाही. पूर्ण चित्र शेवटी काय दिसायला हवं ते दाखवतं. पहिली रेघ कोणती, ती कुठून निघते, कोणत्या ठिपक्यापाशी थांबते, वळण ठिपक्यावरून घ्यायचं की ठिपक्याला वळसा घालून, हे त्यात कुठेच नसतं. हे सगळं पूर्वी शेजारी बसलेली आई, आजी किंवा मोठी बहीण सांगायची. पुस्तक फक्त आठवणीसाठी असायचं. आता शाळेतल्या वर्गात तीस मुलं आणि एक शिक्षिका असते, किंवा परगावी एकट्याने राहणारा एखादा मुलगा पहिल्यांदाच दारात रांगोळी काढायला बसतो. तिथे शेजारणीचं काम कागदालाच करावं लागतं. तसा कागद कसा तयार करायचा, हे एका रांगोळीवर सगळं करून पाहू.

मी निवडलेली रांगोळी ‘७ ते ४’ची आहे. मधोमध सहा टोकांची चांदणी आणि तिच्याभोवती सहा गोल पाकळ्या. नवशिक्यासाठी ती निवडण्याचं कारण असं की तिच्यात सरळ रेघ, नागमोडी रेघ आणि वळण हे तिन्ही प्रकार आहेत, आणि तेही याच क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे. दुसरं कारण म्हणजे तिच्यात एकही ठिपका वाया जात नाही. त्याचा उपयोग पुढे येईल.

आधी ठिपके. ‘७ ते ४’ याचा जाणकारांना ठाऊक असलेला अर्थ असा: मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या वर सहा, पाच, चार आणि खालीही सहा, पाच, चार. प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध बसते. पण हे मधोमध बसणं मथळ्यात कुठे लिहिलेलं नसतं. काही रांगोळ्यांत ठिपके एकाखाली एक येतात, काहींत एकाआड एक. ‘७ ते १’ असा मथळा असेल तर दोन्ही शक्य असतात. एकेक कमी करत सात, सहा, पाच असं एकपर्यंत गेलं तर एकूण ४९ ठिपके होतात. दोन-दोन कमी करत सात, पाच, तीन, एक असं गेलं तर ठिपके एकाखाली एक येतात आणि एकूण फक्त २५ होतात. मथळा तोच, जाळी वेगळी. म्हणून पत्रकावर मथळ्याशेजारी दोन गोष्टी लिहायलाच हव्यात: ‘ठिपके मधोमध’ किंवा ‘ठिपके एकाखाली एक’, आणि ठिपक्यांची एकूण संख्या. आपल्या रांगोळीत ती सात आणि दोनदा सहा-पाच-चार, म्हणजे ३७.

आता पत्रक बनवणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक. आपण चौकटीची वही घेतो, दर दोन चौकटींवर एक ठिपका देतो, पुढची ओळ दोन चौकटी खाली घेतो आणि एक चौकट सरकवतो. ठिपके मधोमध आले, म्हणजे झालं असं वाटतं. पण त्या जाळीवर काढलेली चांदणी वरखाली ताणलेली निघते आणि डावी-उजवी पाकळी गोल न होता उभट होते. कारण असं की ठिपके मधोमध असतात तेव्हा शेजारचे तीन ठिपके मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा, आणि समभुज त्रिकोणाची उंची बाजूपेक्षा कमी असते, बाजूच्या साधारण ८७ टक्के. म्हणून दोन ठिपक्यांत १५ मिलिमीटर अंतर ठेवलं तर दोन ओळींत १३ मिलिमीटर हवं. पंधराला तेरा, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

मी पत्रकासाठी मूळ आकृती याच मापाने काढायला सांगेन. कोऱ्या कागदावर १३ मिलिमीटर अंतराने सात आडव्या रेघा पेन्सिलीने हलक्या आखा. मधल्या रेघेवर १५ मिलिमीटरवर एकेक असे सात ठिपके द्या. बाकीच्या ओळी कंपासपेटीतल्या ३०-६०च्या गुण्याने आपोआप मिळतात: मधल्या ओळीतल्या प्रत्येक ठिपक्यातून साठ अंशांची तिरकी रेघ दोन्ही बाजूंना आखली की ती वरच्या-खालच्या आडव्या रेघांना जिथे छेदते तिथे पुढचे ठिपके येतात. पूर्ण जाळी ९० मिलिमीटर रुंद आणि ७८ मिलिमीटर उंच होते. ही झेरॉक्सवाल्याकडून दोन-तृतीयांश लहान करून घेतली की ६० बाय ५२ मिलिमीटरची आकृती मिळते, आणि लहान होताना हाताची थरथरही दिसेनाशी होते. ए-फोर कागदावर अशा सहा आकृत्या आरामात मावतात, दोन रांगांत तीन-तीन, आणि प्रत्येकीखाली एका वाक्याला जागा उरते. आपल्याला सहाच पायऱ्या लागणार आहेत.

कागदावर जाळी बरोबर आली तरी फरशीवर ती नवशिक्याला स्वतः घालायची असते. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते आणि इथली चूक सगळ्यात महाग पडते. चुकलेली रेघ ओल्या फडक्याने पुसता येते. चुकलेले ठिपके मात्र बऱ्याच उशिरा, पाकळ्या घालताना कळतात, आणि मग सगळंच झाडून टाकावं लागतं. म्हणून पहिल्या पायरीला मी पत्रकात इतरांपेक्षा जास्त जागा देते. तिथे ओळी कोणत्या क्रमाने घालायच्या ते दाखवावं लागतं. वाचायची सवय वरून खाली अशी असल्यामुळे नवशिका वरच्या चार ठिपक्यांपासून सुरुवात करतो, पाच, सहा, सात असं वाढवत जातो, आणि हळूहळू ओळी एका बाजूला कलतात. मधल्या सातांपासून सुरुवात केली तर पुढच्या प्रत्येक ओळीला बसायला तयार जागा असते. म्हणून आकृतीच्या डाव्या कडेला मधल्या ओळीसमोर ‘आधी ही’ असं लिहायचं आणि तिथून वर एक बाण, खाली एक बाण काढायचा.

अंतरासाठी पत्रकाच्या तळाला पाच सेंटिमीटरची एक पट्टी छापावी. मुलाने ती कापून घ्यायची आणि तिनेच सगळी अंतरं मोजायची. मधल्या ओळीत दोन ठिपक्यांमध्ये एक पट्टी. वरच्या ओळीतला ठिपका कुठे? खालच्या दोन्ही ठिपक्यांपासून एकेक पट्टी जिथे भरते तिथे. ८७ टक्के, तेरा, पंधरा यातलं काहीही त्याला सांगायची गरज पडत नाही, कारण दोन्हीकडून सारखं अंतर घेतलं की समभुज त्रिकोण होतोच. छपाईत पट्टी थोडी लहान झाली तरी बिघडत नाही. सगळं तिनेच मोजलेलं असतं. या मापाने रांगोळी ३० सेंटिमीटर रुंद होते. एका जागी बसून हात पोचतो आणि रेघ जाड पडली तरी आकार बुजत नाहीत.

ठिपके चुकले आहेत का हे बघण्यासाठी दोन खुणा पत्रकावर द्याव्यात. पहिली, मोजून ३७ भरले पाहिजेत. दुसरी, डावी आणि उजवी दोन्ही कडा मधल्या ओळीकडून वर आणि खाली सारख्याच आत येत गेल्या पाहिजेत. डावी कड सरळ उभी दिसत असेल आणि उजवीकडूनच ठिपके कमी होत असतील, तर ठिपके मधोमध न पडता एकाखाली एक पडले आहेत.

आता रेघा. या रांगोळीत एकूण दहाच रेघा आहेत: तीन सरळ, एक चांदणीची, सहा पाकळ्यांच्या. त्या आतून बाहेर या क्रमाने येतात. यात बसणाऱ्याची सोय आहे. बाहेरची पाकळी आधी घातली तर आतली रेघ घालताना मनगट तिच्यावर घासतं, आणि ताज्या रांगोळीवर पदर किंवा बाही फिरली की पांढरा डाग पसरतो.

दुसऱ्या पायरीत मधल्या ठिपक्यातून जाणाऱ्या तीन सरळ रेघा. एक आडवी, दोन तिरक्या, प्रत्येक रेघेत पाच ठिपके. आडवी रेघ मधल्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यापासून सहाव्यापर्यंत. दोन्ही टोकांचा एकेक ठिपका सोडायचा. तिरक्यांचंही तसंच: एक रेघ वरून दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यापासून निघते, मधल्या ठिपक्यातून जाते आणि सहाव्या ओळीतल्या चौथ्या ठिपक्यावर थांबते. दुसरी वरून दुसऱ्या ओळीतल्या चौथ्यापासून निघून सहाव्या ओळीतल्या दुसऱ्यावर थांबते. पत्रकाच्या वाक्यात मात्र एवढंच लिहायचं: ‘मधल्या ठिपक्यातून तीन रेघा. प्रत्येकीत पाच ठिपके, टोकाचे सोडा.’ बाकी चित्र सांगतं. सोडलेल्या सहा ठिपक्यांभोवती बारीक गोल काढला की डोळा तिथे जातो आणि हात थांबतो.

तिसरी पायरी चांदणीची. पत्रक चांगलं की वाईट हे इथे ठरतं. चांदणीचं पहिलं टोक म्हणजे मधल्या ठिपक्याच्या बरोबर वर, दुसऱ्या ओळीतला तिसरा ठिपका. तिथून रेघ आत येते, तिसऱ्या ओळीतल्या चौथ्यावर. मग बाहेर, त्याच ओळीतल्या पाचव्यावर. मग आत, मधल्या ओळीतल्या पाचव्यावर. मग बाहेर, पाचव्या ओळीतल्या पाचव्यावर. अशी बाहेर-आत करत बारा छोट्या तुकड्यांनी ती फिरून पहिल्या टोकाला येते. सहा शंकरपाळे मधल्या ठिपक्याला टोक लावून बसलेले दिसतात.

आता हीच चांदणी पूर्ण झालेल्या चित्रात पाहून कुणाला काढायला सांगा. बहुतेक जण एकमेकांवर ठेवलेले दोन मोठे त्रिकोण काढतील, कारण सहा टोकांची चांदणी काढायची ती ओळखीची रीत आहे, आणि जाळीवर ते ठिपकेही एका सरळ रेघेत येतात. बाहेरून आकार तंतोतंत तोच दिसतो. पण आतल्या बाजूला सहा जास्तीच्या रेघा पडतात, प्रत्येक शंकरपाळ्याच्या पोटातून एक, आणि मध्यभागी षट्कोन तयार होतो. आधीच्या तीन रेघांवर त्या पडल्या की मधला भाग गिचमीड होतो आणि रंग भरायला जागाच राहत नाही. ही चूक करणाऱ्याला आपण चुकलो हे कळतही नाही. त्याला फक्त आपली रांगोळी चित्रासारखी का दिसत नाही, असा प्रश्न पडतो.

त्यासाठी तिसऱ्या पायरीत पहिले चार तुकडे बाणांनी वेगळे दाखवायला हवेत आणि खाली असं वाक्य हवं: ‘मोकळा ठिपका, रेघेवरचा ठिपका, मोकळा, रेघेवरचा, असं जात राहा.’ चांदणीची टोकं अजून मोकळी असतात आणि खाचेतले ठिपके दुसऱ्या पायरीतल्या रेघांवर आधीच आलेले असतात. त्यामुळे हे वाक्य हाताला प्रत्येक वळणावर बरोबर नेतं. लागोपाठ दोन ठिपके रेघेवरचे लागले, तर मुलगा त्रिकोणाच्या वाटेला गेला आहे. आणि पायरी झाल्यावर बघायची खूण: शंकरपाळ्याच्या पोटात आडवी रेघ नको.

चौथ्या पायरीत फक्त एक पाकळी काढायची. चांदणीच्या वरच्या टोकापासून डावीकडे निघून ती पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यावरून, मग पहिल्यावरून, मग दुसऱ्या ओळीतल्या पहिल्यावरून वळत तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यावर, म्हणजे चांदणीच्या शेजारच्या टोकावर उतरते. मध्ये एक ठिपका राहतो, दुसऱ्या ओळीतला दुसरा. त्यावर दुसऱ्या पायरीतल्या तिरक्या रेघेचं टोक आहे, तीच पाकळीची शीर होते. पाकळीचे पाचही ठिपके या मधल्या ठिपक्यापासून सारख्या अंतरावर आहेत, म्हणून वळण गोल येतं. वळण काढताना नवशिक्याचा हात ठिपक्यांपाशी कोपरे करतो आणि पाकळीऐवजी षट्कोनाचा तुकडा तयार होतो. चित्रात वळण स्पष्ट गोल असावं. दोन ठिपक्यांच्या मध्ये रेघ किंचित बाहेर फुगलेली दिसली पाहिजे.

इथे आणखी एक गोष्ट लिहून द्यावी लागते: ‘रेघ ठिपक्यावरून जाते.’ जाणकाराला हे सांगणं अनावश्यक वाटेल. पण तमिळनाडूच्या कोलमचा एक मोठा प्रकार असा आहे की त्यात रेघ ठिपक्याला कधी शिवत नाही, त्याच्याभोवती वळसे घेत जाते. तशा रांगोळ्या आता आपल्याकडेही काढल्या जातात. पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर दोन्ही रीती असतात, तेव्हा पत्रकाने एक निवडून सांगितली पाहिजे.

कोलमचा विषय निघालाच आहे तर सांगते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी यांनी कोलमचा गणिताच्या अंगाने अभ्यास केला. १९७४ मध्ये रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह त्यांनी कोलमच्या आकृत्या मोजक्या नियमांनी कशा रचता येतात, यावर निबंध लिहिला. पुढे त्यांनी कोलम काढणाऱ्या हाताच्या हालचालींकडेच लक्ष वळवलं: सरळ जाणं, वळणं, वळसा घेणं. पायऱ्यांचं पत्रक तयार करणाऱ्याने हीच नजर ठेवायची असते. चित्राचे सहा तुकडे करून ओळीने छापले की पत्रक झालं, असं नाही. हात एका दमात जेवढं काढतो तेवढी एक पायरी. चांदणीचे बारा तुकडे एका पायरीत चालतात, कारण हात न थांबता तेच करत राहतो. तीन रेघा आणि चांदणी मिळून पंधराच तुकडे होतात, पण ते एका पायरीत घातले तर हात गोंधळतो, कारण मध्येच काम बदलतं.

म्हणून पाचव्या पायरीत एकदम उरलेल्या पाच पाकळ्या. त्या पाच आकृत्यांत एकेक करून दाखवल्या तर कागद भरतो आणि मुलगा प्रत्येक वेळी नवं काही आहे का ते शोधत बसतो. त्याऐवजी एक सोय सांगायची: ही रांगोळी सहाव्या हिश्शाने फिरवली तरी तशीच दिसते. म्हणून प्रत्येक पाकळीच्या वेळी कागद तेवढाच फिरवायचा, की चौथ्या पायरीतली छापलेली पाकळी आता काढायच्या पाकळीच्या दिशेला येते. लहान मुलांना हे मनातल्या मनात फिरवण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं.

आकड्यांविषयी एक नियम मी कटाक्षाने पाळते. पायरीचा आकडा फक्त आकृतीबाहेर, वर डावीकडे, मोठ्या गोलात. आकृतीच्या आत एकही आकडा नाही. आत ठिपक्यांना १, २, ३ असे क्रमांक दिले की ती ओळीची संख्या आहे, पायरीची आहे की जोडण्याचा क्रम, हे कळेनासं होतं. पाकळीच्या पाच ठिपक्यांना क, ख, ग, घ, च अशी अक्षरं द्यावीत, तीही फक्त चौथ्या पायरीत. बाकी ठिकाणी सुरुवातीच्या ठिपक्याला पोकळ गोल आणि रेघेवर एक बाण पुरतो. प्रत्येक ठिपक्याला नाव देण्याचा मोह होतो, पण सदतीस अक्षरांच्या गर्दीत रेघच हरवते.

जुनी रेघ आणि नवी रेघ वेगळी दिसणंही तितकंच गरजेचं आहे. संगणकावर पत्रक करणारे जुनी रेघ करड्या रंगात आणि नवी लाल रंगात दाखवतात. पडद्यावर ते छान दिसतं. मग शाळेत त्याची झेरॉक्स निघते, करडी रेघ निम्मी उडते, लाल काळी होते आणि सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. म्हणून फरक जाडीने दाखवावा: जुनी रेघ अर्ध्या मिलिमीटरची, नवी सव्वा मिलिमीटरची, दोन्ही काळ्या. ठिपका दीड मिलिमीटरचा, म्हणजे रेघ त्याच्यावरून गेली तरी तो दिसत राहतो. सहाव्या, रंगाच्या पायरीतही तेच. रंग छापण्याऐवजी एका शंकरपाळ्यात ‘पिवळा’, शेजारच्यात ‘केशरी’, पाकळीत ‘गुलाबी’ असे शब्द लिहावेत. शंकरपाळे सहा असल्यामुळे दोन रंग एकाआड एक बरोबर बसतात. रंगही आतून बाहेर भरायचे, आणि शेवटी बुजलेल्या पांढऱ्या रेघांवरून पुन्हा एकदा हात फिरवायचा.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. या रांगोळीत सगळे ठिपके कोणत्या ना कोणत्या रेघेत येतात, म्हणून प्रत्येक पायरीनंतर किती ठिपके मोकळे उरायला हवेत ते नेमकं सांगता येतं. ठिपके घातले तेव्हा ३७. तीन रेघांनी १३ घेतले, राहिले २४. चांदणीने तिच्या टोकांचे ६ घेतले, राहिले १८. हे अठराही बाहेरच्या कडेचे आहेत. प्रत्येक पाकळी त्यातले तीन घेते, म्हणून पहिल्या पाकळीनंतर १५ आणि सहावीनंतर शून्य. प्रत्येक आकृतीखाली उजवीकडे हे छापायचं: ‘मोकळे ठिपके २४’, ‘मोकळे ठिपके १८’. मुलाने मोजावं, जुळलं तर पुढे जावं. दुसऱ्या पायरीनंतर २४ऐवजी १८ उरले तर त्याने रेघा टोकापर्यंत नेल्या आहेत. शेवटी कडेला ठिपका उरला तर एखादी पाकळी आतून गेली आहे, आणि कोणती ते तो उरलेला ठिपकाच दाखवतो. या मोजणीत एकच चूक सापडत नाही, ती दोन त्रिकोणांची, कारण त्रिकोणही तेच ठिपके घेतात. म्हणून शंकरपाळ्याच्या पोटातली रेघ तपासायची खूण वेगळी द्यावीच लागते.

सगळ्या रांगोळ्यांना ही मोजणी चालत नाही. मोर, कासव, पणती अशा आकारांच्या रांगोळ्यांत बरेच ठिपके मोकळेच राहतात आणि शेवटी पुसले जातात. तिथे आकडा शून्यावर येत नाही, पण पायरीगणिक तो किती हवा हे तरीही छापता येतं. संस्कार भारतीच्या शैलीत तर ठिपक्यांची जाळीच नसते. तिथे दोरीने घेतलेल्या वर्तुळांवर सगळं उभं राहतं आणि तिचं पत्रक वेगळ्याच रीतीने करावं लागेल.

अगदी लहान मुलांसाठी पत्रकाच्या मागच्या बाजूचा उपयोग करता येतो. तीन सेंटिमीटर अंतराची जाळी १८ बाय १५.६ सेंटिमीटर होते आणि ए-फोरवर बसते. ती मागे छापून प्रत्येक ठिपक्याला पेटत्या उदबत्तीने भोक पाडावं, हे काम अर्थातच मोठ्यांनी करायचं. कागद फरशीवर ठेवून वरून रांगोळी हाताने पसरायची आणि कागद सरळ वर उचलायचा. ठिपके तयार. घरोघरी ठिपक्यांचे कागद असेच केलेले असायचे. पण ज्याला ठिपके घालायला शिकायचं आहे त्याला हा कागद पहिल्याच दिवशी देऊ नये. जाळी स्वतः घातली तरच पुढे पत्रकाशिवाय ‘९ ते ५’ घालता येते.

छापायला देण्यापूर्वी एक तपासणी टाळू नये. संगणकावर चित्र एका बाजूने ओढलं गेलं की आकृती सपाट किंवा उभट होते आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. छापून आलेल्या प्रतीवर पट्टी ठेवून मधल्या ठिपक्यापासून त्याच ओळीतल्या शेजारच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजा, मग वरच्या ओळीतल्या शेजारच्यापर्यंतचं. दोन्ही सारखी हवीत.

आणि मग ती एक प्रत अशा कुणाला द्या ज्याने कधी रांगोळी काढलेली नाही. शेजारी बसा, पण बोलू नका. त्याचा हात कुठे थांबतो, तो चित्राकडे पुन्हापुन्हा कुठे पाहतो, कोणतं वाक्य दोनदा वाचतो, ते त्या पायरीसमोर समासात लिहून ठेवा. हात थांबला तिथे बाण कमी आहे किंवा एका पायरीत दोन कामं आली आहेत. ती पायरी दुरुस्त करा, पुन्हा दुसऱ्या नवख्याला द्या, आणि तो एकही प्रश्न न विचारता मोकळे ठिपके शून्यावर आणेल तेव्हाच बाकीच्या प्रती काढा.